अक्कलदाढ, अँटिबायोटिक आणि दह्याची वाटी

दाढ काढली, दुखणं थांबलं, आणि तिसऱ्या दिवशी पोटानं संप पुकारला. सकाळपासून तीन फेऱ्या झाल्यात, दुपारी क्लायंट येणार आहे, आणि सल्ला द्यायला मात्र सगळे हजर. आईचा फोन : "गोळ्यांची उष्णता झाली, दही खा." शेजारच्या क्युबिकलमधला मित्र : "दही कसलं खातोस, प्रोबायोटिकची कॅप्सूल घे." कोपऱ्यावरचा केमिस्ट काहीच न विचारता जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी पुढे सरकवतो.

तिघांपैकी बरोबर कोण? आई अर्धी बरोबर, मित्र पाव बरोबर आणि केमिस्ट चूक. कसं ते बघू या. यात एक गंमत आहे. आपण सगळे 'काय घेऊ' याच्या मागे लागतो, पण 'मोशन्स नेमक्या कधी सुरू झाल्या' हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

पोटात होतं काय?

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि ते फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचलेला चोथा आणि पिष्टमय पदार्थ ते आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, ती आतड्याची भिंत शोषून घेते आणि त्यांच्यासोबत मीठ आणि पाणीही आत ओढते. अँटिबायोटिक हे औषध दाढेतल्या जंतूंना मारायला निघतं, पण त्याला पत्ता वाचता येत नाही. जाता जाता ते या भाडेकरूंनाही झोडपतं. आंबवणारे कमी झाले की न पचलेलं अन्न तसंच पडून राहतं, आतड्यात पाणी धरून ठेवतं आणि शी पातळ होते. म्हणजे यात 'उष्णता' नाही आणि बहुतेक वेळा इन्फेक्शनही नाही. काम करणारे रजेवर गेलेत, इतकंच.

डेंटिस्टकडून हमखास मिळणारी जी ६२५ची गोळी असते, तिच्यात आणखी एक मेख आहे. त्या ६२५मध्ये ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. हा दुसरा गडी आतड्याला थेट डिवचतो. त्यामुळे जिवाणूंचा बिघाड व्हायच्या आधीच, अगदी पहिल्या-दुसऱ्या दिवशीसुद्धा पोटात गुडगुड सुरू होऊ शकते. ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन घासांबरोबर घेतली तर त्रास कमी होतो. 'जेवणानंतर' म्हणून आपण ती तासाभरानं, टीव्ही बघताना, चहासोबत घेतो. तसं नको. आणि ६२५ संपली म्हणून ३७५च्या दोन गोळ्या घ्यायचा हिशेबही करू नका. ३७५मध्ये क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड तेवढंच, म्हणजे १२५ असतं. दोन घेतल्या की ते दुप्पट होतं आणि पोट त्याची किंमत वसूल करतं.

एक आठवडा, दिवसागणिक

समजा, बाणेरला राहणारी एक २९ वर्षांची मुलगी आहे. तब्येत ठणठणीत, एरवी कसलंही औषध नाही. सोमवारी अक्कलदाढ काढली, आत पू होता म्हणून ६२५च्या दहा गोळ्या मिळाल्या. सकाळ-संध्याकाळ एक. पहिली सोमवारी रात्री, शेवटची शनिवारी सकाळी.

बुधवारी संध्याकाळी पहिली पातळ मोशन. रात्रीपर्यंत तीन. ताप नाही, रक्त नाही, पोटात थोडा मुरडा, जो टॉयलेटला जाऊन आलं की थांबतो. चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ मोशन्स झाल्या की त्याला डॉक्टरी भाषेत जुलाब म्हणतात, तेव्हा तिला जुलाब आहेतच. पण ही सौम्य केस आहे.

बुधवारी रात्री ती काय करते? ओआरएसचं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकदम विरघळवते आणि प्रत्येक मोशननंतर ग्लासभर, घोट घोट करत पिते. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात, असला अंदाजपंचे प्रकार नाही, कारण मीठ आणि साखरेचं प्रमाण चुकलं तर उपयोग कमी आणि अपाय जास्त. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. एनर्जी ड्रिंक आणि टेट्रापॅकमधले गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं लिहिलंय का, ते बघून घ्या.

गुरुवारी सकाळी ती डेंटिस्टला फोन करते. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करत नाही आणि रेटतही नाही. हा फोन महत्त्वाचा, कारण पुढचा निर्णय दाढेच्या अवस्थेवर आहे. जखम छान भरत असेल तर डॉक्टर कधी कधी 'आता बंद करा' म्हणतात, कधी दुसरं औषध देतात, कधी 'दोनच दिवस राहिलेत, जेवणासोबत घेऊन पूर्ण करा' म्हणतात. हिला तिसरं उत्तर मिळतं. जेवणात ती मऊ भात-वरण, खिचडी, केळं यावर राहते. दूध, कडक कॉफी आणि शुगर-फ्री च्युइंगगम चार दिवस बाजूला. च्युइंगगमचं नाव ऐकून दचकू नका, त्यातली कृत्रिम गोडी स्वतःच पोट सैल करते.

गुरुवारी चार मोशन्स, शुक्रवारी तीन, शनिवारी शेवटची गोळी, रविवारी दोन, आणि मंगळवारपर्यंत पोट जागेवर. अँटिबायोटिकच्या जुलाबांची सर्वसाधारण गोष्ट ही अशी संपते. औषध थांबलं की भाडेकरू परत येतात.

मग दही?

आईच्या वाटीकडे येऊ. दही खायला काहीच हरकत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दह्यात थोडी कमी असते आणि दह्यातले जिवाणू ती पचवायला हातभारही लावतात. म्हणून बिघडलेल्या पोटाला दूध जड जातं पण दहीभात चालतो. पोटात अन्न जातं, पाणी जातं, मीठ जातं. इथपर्यंत आई बरोबर.

पण दही हे अन्न आहे, औषध नाही. तुमच्या घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत आणि किती, हे कुणालाच माहीत नसतं. ते घरागणिक बदलतं, ऋतूगणिकही बदलतं. त्यातले बरेचसे पोटातल्या आम्लातच संपतात, आणि जे पुढे सरकतात त्यांची गाठ त्याच अँटिबायोटिकशी पडते. म्हणून दही खाल्ल्यानं जुलाब टळतात किंवा लवकर थांबतात, याचा भरवशाचा पुरावा नाही. खायचंच असेल तर ताजं, साधं, बिनसाखरेचं, आणि गोळीपासून दोन तास लांब. कढी करून खाल तर चव मिळेल, जिवंत जिवाणू मात्र उकळीत गेले.

एका बाबतीत दही उलटतंसुद्धा. अँटिबायोटिक जर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल, तर दूध-दह्यातलं कॅल्शियम त्या औषधाला चिकटून बसतं आणि औषध रक्तात नीट उतरतच नाही. लघवीच्या इन्फेक्शनसाठी किंवा पिंपल्ससाठी या गोळ्या बऱ्याच जणांना दिलेल्या असतात. 'गोळी गरम पडते' म्हणून ती दह्याच्या वाटीसोबत घेणं म्हणजे औषध पाण्यात. यांच्यात किती तासांचं अंतर ठेवायचं, ते औषध देणाऱ्यालाच विचारा. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही.

आणि ती महागडी कॅप्सूल?

मित्र पाव बरोबर का? कारण प्रोबायोटिकचा पुरावा दह्यापेक्षा बरा आहे, पण तो जुलाब टाळण्याचा आहे, सुरू झालेले थांबवण्याचा नाही. २०१९मध्ये कोक्रेन या संस्थेनं लहान मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र तपासल्या. अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक दिलेल्या शंभर मुलांमागे साधारण ८ जणांना जुलाब झाले, न दिलेल्यांत १९ जणांना. फरक चांगला आहे. पण तो जास्त मात्रेत दिसला, दिवसाला किमान ५ अब्ज जिवाणू.

उलट बाजूही ऐका. २०१३मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या हॉस्पिटलांत ६५ वर्षांवरच्या जवळपास तीन हजार पेशंटवर मोठी चाचणी झाली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत जुलाबाचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, दोन्हीकडे दहात एक. म्हणजे कुणाला, कोणता जिवाणू, किती, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्यासारख्या तरुण, धडधाकट माणसाला फायदा झाला तर थोडाच होईल.

तरी घ्यायचंच ठरवलं, तर तीन गोष्टी बघा. एक, अँटिबायोटिकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. पाचव्या दिवशी घेतलेली कॅप्सूल म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजवलेला बँड. दोन, पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव आणि संख्या असली पाहिजे. 'गुड बॅक्टेरिया' एवढंच लिहिलं असेल तर ते सोडून द्या. लॅक्टोबॅसिलस असेल तर तो जिवाणूच, म्हणून अँटिबायोटिकपासून दोन तास लांब. सॅकॅरोमायसिस बोलार्डी हे मात्र यीस्ट आहे. जिवाणू मारणारं औषध त्याला हात लावत नाही, त्यामुळे तिथे वेळेची कटकट नाही. पण सोबत फंगल इन्फेक्शनची गोळी चालू असेल तर ती त्याला मारते. तीन, घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल, मोठ्या शिरेत सलाईनची नळी असेल, तर त्यांना डॉक्टरांना न विचारता प्रोबायोटिक देऊ नका. जिवंत जंतू आहेत, अशा शरीरात ते रक्तात शिरू शकतात.

कोर्स संपल्यावर 'पोट सुधारायला' महिनाभर कॅप्सूल खायची फॅशन आहे. २०१८मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी एका छोट्या प्रयोगात उलटंच पाहिलं. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. प्रयोग छोटा आहे, शेवटचा शब्द नाही. पण पैसे वाचवायला पुरेसा आहे.

केमिस्टची पट्टी का नको

तो जी गोळी पुढे करतो, ती दोनपैकी एक असते. पहिली म्हणजे मोशन बंद करणारी, लोपेरामाइड. ती आतड्याची हालचाल थांबवते. साध्या जुलाबात चालून जातं, पण आत विष तयार करणारा जंतू असेल तर ते विष आतच कोंडलं जातं. ताप असेल किंवा रक्त दिसत असेल तर ही गोळी अजिबात नको, आणि अँटिबायोटिकच्या जुलाबात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. दुसरी म्हणजे ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा तत्सम जोडगोळी. ही स्वतःच दोन अँटिमायक्रोबियल औषधं आहेत. अँटिबायोटिकमुळे पोट बिघडलं म्हणून आणखी अँटिबायोटिक, म्हणजे आगीवर रॉकेल. उरलेसुरले भाडेकरूही हाकलले जातात, आणि त्या मोकळ्या जागेत कोण येऊन बसतं, ते आता बघा.

त्याच गोष्टीचा दुसरा शेवट

बाणेरच्या त्याच मुलीचा मंगळवार छान गेला. आणि समजा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोशन्स सुरू झाल्या. या वेळी दिवसाला सहा-सात, पाण्यासारख्या. पोट खाली सतत दुखतंय, टॉयलेटला जाऊनही थांबत नाही. अंगात कणकण. ती म्हणते, "अँटिबायोटिक तर कधीच संपलं, काल खाल्लेली पाणीपुरी बाधली असेल."

असेलही. आपल्याकडे पाणीपुरी हा संशयित कायमच असतो. पण डॉक्टरला दुसरंही नाव आठवलं पाहिजे : क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, म्हणजे सी-डिफ. भाडेकरू गेले की रिकाम्या घरात घुसणारा हा गुंड. तो विष सोडतो, आतड्याला सूज आणतो, आणि वेळेवर पकडला नाही तर जीवावर बेतू शकतं. धडधाकट तरुणांत तो क्वचित आढळतो. वय जास्त, नुकतंच हॉस्पिटलात राहणं, आणि अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी यांनी धोका वाढतो. तो कोर्स चालू असतानाही येतो आणि संपल्यावर दोन-तीन महिन्यांपर्यंतही येऊ शकतो. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, तारीख महत्त्वाची. पेशंट जुन्या गोळ्या विसरलेला असतो, आणि त्यानं सांगितलं नाही तर डॉक्टरही विचारायचे राहून जातात.

निदान सोपं आहे, पातळ शीचा नमुना लॅबमध्ये देऊन विषाची तपासणी. औषधही आहे, तोंडावाटे घ्यायचं व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन, पण ते डॉक्टरच ठरवणार. आणखी एक : याचे बीजाणू सॅनिटायझरच्या अल्कोहोलला जुमानत नाहीत. घरात संशय असेल तर साबण आणि वाहतं पाणीच.

फोन कधी करायचा?

आज, आत्ता, रविवार असला तरी : शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, १०१च्या वर ताप, न थांबणारी पोटदुखी किंवा फुगलेलं पोट, उलट्यांमुळे ओआरएससुद्धा न टिकणं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, किंवा सहा-आठ तास लघवीच नाही. काळ्या शीचं कारण दातदुखीसाठी घेतलेली पेनकिलरही असू शकते, तेही सांगा. अंगावर पित्तासारखे चट्टे, ओठ सुजणं किंवा श्वास लागणं असेल तर ती अ‍ॅलर्जी, तेव्हा फोनच्या भानगडीत न पडता थेट इमर्जन्सी.

उद्या सकाळी : दिवसाला सहा किंवा जास्त मोशन्स, दोन दिवसांत उतार नाही, किंवा कोर्स संपल्यावर पुन्हा सुरुवात. घरातलं तान्हं बाळ, गरोदर बाई, साठी-पासष्टीच्या पुढचे आई-बाबा, डायबेटिस किंवा किडनीचा पेशंट असेल तर दोन दिवस थांबायचं नाही, पहिल्याच दिवशी विचारायचं.

आणि फोनवर बोलायचं काय? "पोट बिघडलंय" एवढं सांगून काही कळत नाही. असं सांगा : "शुक्रवारपासून पातळ मोशन्स, काल पाच, आज आतापर्यंत तीन. रक्त नाही, ताप शंभर. तीन आठवड्यांपूर्वी पाच दिवस ६२५ घेतली होती, अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे." तीस सेकंदांत डॉक्टरला जे हवं ते सगळं मिळतं. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलात तर नाव आठवायची झटापटही नको.

आईला सांगा, दहीभात छान झालाय. फक्त कॅलेंडरवर शेवटच्या गोळीच्या तारखेभोवती एक गोल करून ठेवा, आणि पुढचे तीन महिने तो पुसू नका.